विषय : खोलीला ताप असल्याबाबत

हॉटेलला तक्रारीचं पत्र लिहायला बसलो आणि ‘सप्रेम नमस्कार’वरच अडलो. सप्रेम कसलं डोंबलाचं! शेवटी ‘स.न.वि.वि.’ लिहून मोकळा झालो. आद्याक्षरांत प्रेम किती आहे ते कुणी मोजत नाही.

घडलं ते असं. मेहुणीच्या मुलीचं लग्न, नागपूर, मेचा शेवटचा आठवडा, म्हणजे ऐन नवतपा. बाहेर ४५. आमची खोली शेवटच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकली तर शेकून निघत होती. एसी घूं घूं करत होता, पट्ट्या वरखाली हलत होत्या, गार मात्र काही होत नव्हतं.

“साहेब, सोळावर करा नं,” पोऱ्या म्हणाला.

आता मी नाशिककडे शीतगृहात तीस वर्षं काढलेला माणूस. मी त्याला समजावू लागलो, की बाबा रे, तुमच्या साध्या कॉम्प्रेसरला सोळा काय अन् चोवीस काय, तो एकाच जोराने चालतो. आकडा फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. रिक्षावाल्याला ‘दिल्लीला जायचंय’ म्हटलं म्हणून तो स्टेशनवर लवकर पोचत नाही. पोऱ्याने ऐकून घेतलं आणि सोळा करून गेला.

“आयुष्यभर लोकांची द्राक्षं शून्य अंशावर ठेवलीत,” सौ. म्हणाल्या, “बायकोला निदान सव्वीसवर ठेवा.”

मग मात्र उठलो. जाळी काढली, न्हाणीघरात धुतली. गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं कढत, की जाळी धुतली न जाता उकडली गेली. फरक शून्य. मॅनेजर फोनवर म्हणाले, “गॅस भरावा लागन.” हे एसीवाल्यांचं रामबाण. गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे वापरून संपायला. तो नळ्यांत फिरत राहतो, गळती असेल तरच कमी होतो. आणि कमी झाला असता तर हवा सारखीच कोमट आली असती. आमच्याकडे मध्येच गार झुळूक यायची आणि जायची.

हे तपासायला यंत्र हवं होतं. सौंच्या पर्समध्ये ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर निघाला. तो साधारण ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ अंश सेल्सिअसच्या, खाली गेला की आकडा देत नाही, नुसतं ‘Lo’ म्हणतो. धड एसीच्या तोंडाशी त्याने ‘Lo’च म्हणायला हवं. मी खुर्चीवर चढून पट्टीपाशी धरला. ९१.८! खोलीला ताप नव्हता म्हणायचा, पण कणकण नक्की होती.

तो थर्मामीटर सर्वांत चढा आकडा धरून बसतो, म्हणून दर वेळी बंद करून पुन्हा चालू करायचा. असं मी तासभर खुर्चीवर उभा राहून केलं. लग्नाचा सूट काढून, बनियनवर. निष्कर्ष : सात मिनिटं ‘Lo’, मग वीस मिनिटं ९१च्या वर. म्हणजे कॉम्प्रेसर चालू होतो, तापतो, आतला ओव्हरलोड त्याला बंद पाडतो आणि निवला की पुन्हा सोडतो. पंखा तेवढा इमानदारीने खोलीतलीच हवा फिरवत बसतो.

कॉम्प्रेसर एवढा का तापतो? रात्री एक वाजता मी बोळातली खिडकी उघडून डक्टमध्ये डोकावलो. आमचं आउटडोअर युनिट तिथेच होतं, आणि त्याच्यासमोर वीतभर अंतरावर दोरीवर हॉटेलच्या ओल्या चादरी. युनिटने खोलीतली उष्णता बाहेर फेकायची, चादरींनी ती अडवायची, युनिटने तीच पुन्हा ओढायची.

मी हात घालून चादरी ओढून घेतल्या. पावणेदोनला झुळूक आली, ती थांबलीच नाही. अडीचला खोलीच्या मध्यावर थर्मामीटर ‘Lo’ म्हणाला. सौंनी तो हातातून काढून घेतला आणि दिवा मालवला. पहाटे पाचला घाम फुटून जागा झालो. बोळात पाहिलं तर चादरींची नवी खेप.

पत्रात हे सगळं वेळांसकट लिहिलं. उदार मनाने हेही लिहिलं, की एसीची टनांची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात; ४५ला तो थोडा कमी पडणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मागणी एवढीच, की एका रात्रीचं भाडं परत करावं आणि दोरी गच्चीवर हलवावी. खाली ‘आपला नम्र’ लिहिलं, नम्र खोडलं, पुन्हा लिहिलं.

वाचून सौ. म्हणाल्या, “एखादं चांगलंही लिहा हो. लग्नघरच्यांनी बुक केलेली खोली आहे.”

म्हणून जोडलं : ता. क. चादरी मात्र अगदी कडकडीत वाळलेल्या होत्या.