पेव्हर ब्लॉकवर कबड्डी खेळून दाखवा

आज सकाळच्या पेपरात एक लेख वाचला. वस्तीवस्तीत मुलांसाठी मोकळी मैदानं हवीत, असं लिहिलंय. शब्द न् शब्द पटला. पेपर घडी करून विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसपाशी गेलो, तर टेम्पोतून पेव्हर ब्लॉक उतरवत होते. दहा-बारा पोरं बॅट घेऊन कडेला उभी. त्यांच्या स्टंपाच्या तीन विटा कामगारानं उचलून टेम्पोच्या चाकाला लावलेल्या.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

नवीन मैदानं मागा, जरूर मागा. पण शहराच्या विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण पडलं म्हणजे मैदान झालं, असं होत नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जागेचा मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो. पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण उडतं. म्हणून माझं म्हणणं, लेआउटमधली जी ओपन स्पेस आज हातात आहे ती आधी वाचवा.

हिशोब बघा. एक एकराच्या, म्हणजे साधारण ४००० चौरस मीटरच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. झाले ४०० चौरस मीटर, वीस बाय वीस. क्रिकेटची खेळपट्टीच २०.१२ मीटर, तीसुद्धा सरळ बसत नाही. खो-खोचं मैदान २७ बाय १६, तेही नाही. कबड्डीचं १३ बाय १० मात्र आरामात बसतं, आणि पोरं आखूड पिचवर क्रिकेट खेळतातच.

आता यात 'सौंदर्यीकरण' घाला. चारी बाजूंनी दीड मीटरचा वॉकिंग ट्रॅक, की उरले सतरा बाय सतरा. म्हणजे १११ चौरस मीटर एका फटक्यात गेले. त्याच्या आत मीटरभर फुलझाडांचा वाफा, उरले पंधरा बाय पंधरा. एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्यात बाकडी. मग मधे लॉन आणि 'येथे खेळू नये' ही पाटी. चारशेतले पोरांना किती मिळाले? शून्य. आणि कागदावर ती जागा अजूनही मुलांच्या खेळासाठीच!

आजी-आजोबांना चालायला जागा हवी, हे मान्य. एका बाजूनं कच्ची पायवाट ठेवा, चालेल. मधली जागा सोडा.

आणि ब्लॉकच का घालतात तेही माहीत आहे. आपली काळी माती. पावसाळ्यात पाय रुततो, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. ब्लॉकवर पडलेल्या पोराचा गुडघा सोलून निघतो, एप्रिलमध्ये दुपारी चारला त्यावर अनवाणी उभं राहवत नाही.

उपाय मुरमाचा. वरची फूटभर काळी माती काढायची. ती तशीच ठेवून वर मुरूम टाकला, तर पहिल्याच पावसाळ्यात चिखल वर येतो आणि 'मुरूम टिकत नाही' म्हणून ठेकेदार पुन्हा ब्लॉक सुचवतो. वीस बाय वीसला फूटभर म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस ब्रास. दाबल्यावर मुरूम बसतो, तेव्हा पन्नास ब्रास धरा. एकदम ओतायचा नाही. अर्ध्या फुटाचा थर, पाणी, रोलर, मग दुसरा थर. शेवटचा हात चाळलेल्या बारीक मुरमाचा, नाहीतर खडे वर राहतात आणि पोरांचे तळवे फुटतात. मध्य किंचित उंच, कडेपर्यंतच्या दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतार, आणि कडेला चर. चराचं तोंड गटाराला जोडलेलं हवं, हे हटकून राहतं. मग पाणी कडेला साचतं आणि मुरूम तिथून खचायला लागतो. झाडं पश्चिमेच्या कडेला लावा, संध्याकाळची सावली मैदानावर येते. फाटकात तीन फुटांवर खांब रोवा, म्हणजे चारचाकी आत घुसणार नाही. मंडपाला खड्डे खणले, तर ज्यानं खणले त्यानंच मुरूम भरून, दाबून द्यायचे.

एवढं सोपं आहे हो. कुठली आयात केलेली खेळणी नकोत.

दुपारी परत गेलो तर राग थोडा निवला होता. पोरांनी विटा परत आणून ब्लॉक न उतरवलेल्या भागात मांडल्या होत्या. कामगार सावलीत डबा खात त्यांची मॅच बघत बसलेले. ट्रॅकची चुन्याची रेघ मात्र पिचच्या मधून गेलेली.

ब्लॉक अजून बसलेले नाहीत, नुसते रचून ठेवलेत. मंजूर लेआउटच्या नकाशाची प्रत माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते, सोमवारी अर्ज टाकतोय. त्याआधी जागा मोजायची आहे. उद्या सकाळी सात वाजता तीस मीटरची टेप घेऊन तिथे उभा असेन. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी या. पोरं येणार आहेतच, त्यांना सांगून आलोय.