परदेशातून : अठरा शेअरांचा हिशोब

"तुमच्या अमेरिकेत बायबॅकवर एक टक्का कर आणि आम्हाला इथं तीस टक्के. आम्ही काय पाप केलंय रं?"

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या महेशचा हा निरोप मी ओहायोत पहाटे वाचला आणि चिडलो. बर्फ उपसून ऑफिसला गेलो तरी डोक्यातून जाईना. ज्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, ज्याला खिळ्याचा भाव आणि घाऊक सूट वेगळी कळते, त्याने दोन वेगळे कर एका तराजूत घालावेत?

बायबॅक म्हणजे कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेणं. इथला त्यावरचा एक टक्का 2023 पासून आहे आणि तो कंपनी भरते. मी कंपनीला शेअर विकला तर माझ्या नफ्यावर माझा कर वेगळा, वर्षाहून जास्त ठेवला असेल तर बहुतेकांना 15 टक्के. डिव्हिडंडलाही साधारण तोच दर. म्हणजे दराचा फरक नाहीच, फरक आहे तो मूळ किंमत वजा होते की नाही याचा.

महेशचा खरा मार तिथंच बसला. नोव्हेंबर 2025 मध्ये इन्फोसिसने 1,800 रुपयांनी शेअर परत घेतले, छोट्या भागधारकांना अकराला दोन या प्रमाणात. त्याच्या शंभरांतले अठरा गेले. हातात 32,400 आले. खरेदी 1,400 ने, म्हणजे 25,200 ची. नफा 7,200. पण ऑक्टोबर 2024 पासूनचा तेव्हाचा नियम असा होता की आलेली सगळी रक्कमच डिव्हिडंड धरायची. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट कर 10,109. नफ्यापेक्षा कर मोठा! खरेदीचे 25,200 भांडवली तोटा म्हणून पुढं ओढता येतात, आठ वर्षं. पण तो वळता करायला दुसरा नफा हवा. दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता झालाच, तर फार तर 3,276 वाचतील. तेव्हा बाजारभाव पंधराशेच्या आसपास होता. बाजारात विकले असते तर 27,000 मिळाले असते आणि एवढ्याशा नफ्यावर कर शून्य. म्हणजे बायबॅकमध्ये शेअर देणंच चुकलं, आणि हे त्याने आधी कुणाला विचारलं नाही. आपल्याकडे चहा कोणत्या टपरीचा घ्यावा यावर तासभर चर्चा होते.

मजा म्हणजे तेच अठरा शेअर आमच्या अण्णांनीही दिले. त्यांच्या खात्यात 29,160 आले, 3,240 टीडीएस कापला, आणि "सरकारनं खाल्ले" असं त्यांचं पक्कं मत झालं. त्यांचं एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत, नव्या पद्धतीत रिबेट मिळून कर शून्य. रिटर्न भरलं की तेवढे पैसे परत. ज्या नियमाने महेशला बुडवलं, त्यानेच अण्णांना बाजारभावापेक्षा जास्त पैसे बिनकराचे दिले. हे मी फोनवर समजावत होतो, तेवढ्यात काकूने फोन घेतला. "कारखाना आपला शेअर कधी परत घेणार रे? साखरेचं कार्ड बंद होईल का?" मी तिला नाही म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पात बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात आणायचं जाहीर झालं, प्रवर्तकांना जादा कर लावून : कंपनी असेल तर एकूण 22 टक्के, नाहीतर 30. महेश म्हणतो, हा भेदभाव आहे. मला नाही पटत. मोठ्या प्रवर्तकाच्या डिव्हिडंडवर 35.88 टक्क्यांपर्यंत कर जातो, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर 12.5 टक्के आणि वर अधिभार. पैसे कोणत्या दाराने बाहेर काढायचे हे ठरवताना कंपनीत त्याचाच शब्द चालतो. त्याला मोकळं सोडलं तर डिव्हिडंड कोण देईल? यावर महेश म्हणाला, "तू तिथं बसून बोलतोस." हे त्याचं ठरलेलं उत्तर आहे.

मी मेहुणीला मध्ये घातलं, ती सांगलीत सीए आहे. तिने महेशला हिशोब पटवला, मग मला वेगळा फोन केला.

"दाजी, तुमच्या नावचं खातं अजून निवासी दाखवतंय. त्यातलेही अठरा शेअर गेलेत."

ते खातं 2009 मध्ये, निघायच्या आदल्या आठवड्यात उघडलं होतं. अण्णा चालवतात. मी बदलायचं म्हणत राहिलो.

"तुम्हाला रिबेट नाही. ती निवासींनाच. अनिवासीला डिव्हिडंडवर सरसकट 20 टक्के आणि सेस."

म्हणजे 32,400 वर 6,739. अण्णांनी ते शून्य धरलं होतं आणि मीही काही बोललो नव्हतो. आठवडाभर महेशला नियम शिकवत होतो तो हा मी. वर इथल्या रिटर्नमध्येही ते दाखवायला हवं, आणि इथं त्याला डिव्हिडंड म्हणायचं की विक्री यावर आमचा इथला हिशोबनीस अजून विचार करतोय.

मेहुणीने खातं बदलायचा फॉर्म पाठवला. त्यात कायमचा पत्ता विचारलाय. मी ओहायोचा टाकला, खोडला, सांगलीचा टाकला. तो विश्रामबागेतला फ्लॅट आम्ही 2019 मध्येच विकलाय, अण्णा आता काकांकडे असतात. फॉर्म अजून पाठवलेला नाही.