‘शून्य घट’ म्हणजे जास्त भाव नव्हे

“दागिन्यावर ९१६चा शिक्का असेल तर पूर्ण वजनाला २२ कॅरेटचा भाव मिळालाच पाहिजे. शुद्धता मशीनवर लगेच कळते. घट धरणारा लुटतो, शून्य घट देणाऱ्याकडेच सोनं बदला,” असा सल्ला ऐकू येतो.

शिक्का धातूची शुद्धता सांगतो, तराजूवर दिसणाऱ्या वजनात सोनं किती हे सांगत नाही. खडे, ओवलेला दोरा, पोकळ मण्यांतली लाख हे सगळं वजनात येतं. शिवाय शिक्क्यानंतर दुरुस्ती झाली असेल, तर सांध्यांत कमी शुद्धतेचा धातू असू शकतो.

मशीन म्हणजे एक्सआरएफ, क्ष-किरणांनी धातू तपासणारं यंत्र. त्याचे किरण वरचा अगदी पातळ थरच वाचतात. मुलामा असेल तर आकडा फुगतो, नेमका सांध्यावर झोत पडला तर घसरतो. म्हणून खडे काढून वजन करावं, समोर वितळवून घ्यावं, पुन्हा वजन करावं आणि लगडीच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. तरीही वाद राहिला तर अग्निपरीक्षा करतात, म्हणजे नमुना कापून भट्टीत घालतात आणि त्यातलं सोनं वेगळं करून तोलतात. तिचा निकाल जास्त भरवशाचा, पण वेळ लागतो.

समजा हार २४.६०० ग्रॅम आहे. खडे काढल्यावर २३.२५० आणि वितळवल्यावर २३.१०० ग्रॅम उरला. हे १५० मिलिग्रॅम लाख आणि मळाचे असू शकतात. तूट याहून बरीच मोठी वाटली, तर मुशीला आणि वितळवताना घातलेल्या टाकणखाराच्या मळीत कण अडकलेत का ते पाहायला सांगा. शुद्धता ९०.५ टक्के निघाली, तर शुद्ध सोनं २०.९०६ ग्रॅम. या हिशेबात लूट कुठेच नाही.

लूट होते ती एकच अशुद्धी दोनदा कापली की. वजन २३.१०० धरलं तर भाव ९०.५ टक्क्यांचा हवा, वजन २०.९०६ धरलं तर भाव २४ कॅरेटचा. वजनही कमी आणि भावही कमी, असं पावतीवर दिसलं तर तिथेच थांबवा.

आता ‘शून्य घट’. याच हाराच्या बदल्यात नवा दागिना २० ग्रॅम, २२ कॅरेटचा घ्यायचा आहे. त्यात शुद्ध सोनं १८.३२० ग्रॅम. पहिला सराफ ३ टक्के घट धरतो, म्हणजे तुमच्या खात्यावर २०.९०६ऐवजी २०.२७८ ग्रॅम शुद्ध सोनं; त्याची मजुरी १२ टक्के, म्हणून दागिना पडतो २०.५१८ ग्रॅमला. वर द्यायचे ०.२४० ग्रॅमचे पैसे. दुसरा काहीच कापत नाही, पण मजुरी १८ टक्के लावतो. दागिना २१.६१८ ग्रॅमला पडतो आणि वर ०.७१२ ग्रॅमचे पैसे जातात. करापूर्वीच जवळजवळ अर्ध्या ग्रॅमचा फरक!

रोख विकायचं असेल तर तुलना आणखी सोपी. हातात येणारी रक्कम त्याच दिवसाच्या २४ कॅरेटच्या एका ग्रॅमच्या भावाने भागा. या हारासाठी उत्तर २०.९०६च्या जितकं जवळ, तितका सौदा चांगला. भाव विचारताना मात्र सराफ ज्या भावाने सोनं ‘विकत घेतो’ तो विचारा. फलकावरचा भाव बहुधा विक्रीचा असतो.