शेठ, तेवढं शनिवारपर्यंत

कॉन्ट्रॅक्टरला रागाचा मेसेज लिहायला मला चार मिनिटं लागतात, पण तो पाठवण्याजोगा करायला अख्खी संध्याकाळ जाते. घाई करून चालत नाही. त्याचं घमेलं नि थापी आपल्या बाथरूममध्ये असते आणि आपला ॲडव्हान्स त्याच्या खिशात.

आधी पुरावा हवा. रुपयाचं नाणं घ्यायचं आणि जमिनीवर उकिडवं बसून प्रत्येक लादी वाजवायची. भरीव लादी ‘टक्’ म्हणते, पोकळ लादी ‘ढप्प’. मिस्त्रीने लादीची अख्खी पाठ मालाने न माखता चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच लाडू थापले, की हा आवाज येतो. लाडवांमधल्या पोकळीत पाणी साचतं आणि एखाद्या दिवशी भरलेली बादली आदळली की वरची लादी तडकते. जी ढप्प वाजेल तिच्यावर खडूने फुली मारून फोटो काढायचा. समजा, सात फुल्या निघाल्या.

पहिला मसुदा असा होतो: ‘तुम्ही अत्यंत निकृष्ट काम केलंत. दुरुस्त करा, नाहीतर पैसे विसरा.’ ‘निकृष्ट’ या शब्दावर तो तासभर वाद घालू शकतो, सात फुल्यांवर नाही. म्हणून विशेषण काढून आकडा घालायचा. मग वाक्यातला कर्ता हळूच बाहेर न्यायचा. ‘तुम्ही पोकळ बसवल्यात’ याचं ‘सात लाद्या पोकळ वाजतायत’ होतं. जणू लाद्या रात्री आपणहून उठल्या आणि चुकीच्या बसल्या! शाळेतलं व्याकरण इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मऊपणा करायचा तो इथवरच. ‘शक्यतो’, ‘जमल्यास’, ‘लवकरात लवकर’ हे शब्द तारखेच्या आसपासही फिरकू द्यायचे नाहीत. ‘दोन-चार दिवसांत’ लिहिलं, तर तो दोन आणि चारची बेरीज करतो. तारीखही रागाने नाही, हिशेबाने ठरते. बुधवारी लाद्या उचलून खालचा जुना माल खरवडायचा. छिन्नी जपून, खाली वॉटरप्रूफिंग आहे. गुरुवारी नव्या बसवायच्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माल धरला की पुन्हा नाणं, आणि हे सांधे भरायच्या आधीच, म्हणजे पुन्हा ढप्प आलं तर ती लादी उचलणं सोपं जातं. शनिवारी सांधे.

शेवटी जातो तो मेसेज असा:

‘शेठ, नमस्कार. भिंतींचं काम छान झालंय. जमिनीच्या सात लाद्या पोकळ वाजतायत, फोटो सोबत आहेत. त्या काढून नव्या लाद्या पूर्ण माल लावून बसवायच्या आहेत. बुधवारी सकाळी दहाला सुरुवात, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत सांधे भरून पूर्ण. शेवटचा हप्ता काढून ठेवलाय, काम बघून तेव्हाच देते.’

उत्तर लगेच येतं: ‘होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ.’

त्याच्याही वाक्यात कर्ता नसतो. तारीख तर नसतेच. मग मी अगदी गोड आवाजात फोन करते: ‘शेठ, बुधवारी दहाला कोण येतंय?’