मॉडेल ‘चालवण्याचं’ बिल आधी मांडा, मग कोटेशन द्या

“एआयमध्ये खरा खर्च ट्रेनिंगचा. मॉडेल एकदा शिकलं की पुढे ते चालवणं जवळपास फुकट. ट्रेनिंगला भारी जीपीयू घ्या, मॉडेल मॅनेज्ड सर्व्हिसवर टाका आणि विसरून जा, वापर होईल तेवढंच बिल येतं. लहान टीमने मशीन सांभाळत बसू नये.”

हा मेसेज माझ्या भाचीच्या ग्रुपवर आला आणि तिच्या टीमने तो खरा धरून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी कोटेशन तयार केलं. तिघांची टीम आहे. कास्टिंगचे फोटो बघून ब्लोहोल म्हणजे वायूच्या पोकळ्या आणि वाळूचे दोष ओळखणारं मॉडेल त्यांनी बनवलंय, आणि कामही चांगलं केलंय. पण कोटेशनमध्ये एकरकमी आकडा होता, महिन्याचा खर्च शून्य. “मामा, चालवायला काय लागतंय, ते तर फुकटच असतं ना?” असं तिने विचारलं तेव्हा मला राग तिचा आला नाही, मेसेज लिहिणाऱ्याचा आला. कोटेशन मालकाच्या हातात गेलं असतं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच या पोरांचा नफा संपून पदरचे पैसे जायला लागले असते.

आधी ट्रेनिंगचं बघू. ट्रेनिंग प्रचंड महाग असतं ही समजूत मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांवरून आली आहे. मेटाने २०२४ मध्ये लामा ३.१ चं सर्वांत मोठं मॉडेल १६ हजारांहून अधिक एच१०० जीपीयूंवर शिकवलं. तो खर्च खराच डोळे फिरवणारा. पण शिरोलीतली टीम शून्यापासून काही शिकवत नाही. फोटो ओळखायला आधीच शिकलेलं रेझनेटसारखं मॉडेल घ्यायचं आणि चार हजार फोटोंवर त्याला कास्टिंगचे दोष ओळखायला लावायचे, एवढंच काम. एनव्हिडियाच्या टी४ या जीपीयू कार्डवर अशी एक फेरी त्यांना तीन तासांची पडते. एका फेरीत जमत नाही, म्हणून वीस फेऱ्या धरा. साठ तास झाले. अमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर, सेजमेकर नावाची मॅनेज्ड सेवा आहे; तिथे हे कार्ड असलेल्या `ml.g4dn.xlarge` मशीनचा उत्तर व्हर्जिनियातला दर तासाला सुमारे ०.७३६ डॉलर आहे. मुंबईचा दर वेगळा आहे, पण हिशेबाची रीत तीच. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर सगळं ट्रेनिंग साधारण ३,७५० रुपयांत बसतं, जीएसटी वेगळा. फोटोंवर दोष कुठे आहे याच्या खुणा करायला माणूस बसवला त्याची मजुरी याहून कितीतरी जास्त झाली.

आता ज्या वाक्याने सगळा घोळ केला त्याकडे येतो, कारण तिथेच पैसा जातो.

सेजमेकरवर ट्रेनिंग जॉब लावला की मशीन सुरू होतं, काम करतं आणि काम संपलं की आपोआप बंद होतं. बिल तेवढ्या सेकंदांचं. हे बघून माणसाला वाटतं, पुढचंही असंच असणार. तसं नाही. मॉडेल सतत उत्तर द्यायला तयार ठेवायचं तर रिअल-टाइम एंडपॉइंट लावतात, म्हणजे फोटो पाठवला की लगेच उत्तर देणारा कायम चालू पत्ता. त्यामागे तेच जीपीयू मशीन उभं राहतं आणि एंडपॉइंटची स्थिती `InService` आहे तोवर तास मोजले जातात. फोटो आला काय, न आला काय, रात्र असो की साप्ताहिक सुट्टी, दर तोच. महिन्याचे ७३० तास, म्हणजे ५३७ डॉलर, म्हणजे सुमारे ४५,७०० रुपये. ज्या ट्रेनिंगला खरा खर्च म्हटलं जातंय, त्याचे सगळे साठ तास हा एंडपॉइंट अडीच दिवसांत गिळतो. शिवाय एक मशीन पडलं तर काम थांबू नये म्हणून किमान दोन ठेवा, अशी एडब्ल्यूएसचीच शिफारस आहे. ती मानली तर आकडा दुप्पट.

फौंड्रीतलं प्रत्यक्ष काम किती आहे ते बघा. एका पाळीत सहाशे कास्टिंग, प्रत्येकाचे दोन फोटो, दिवसाला बाराशे फोटो. टी४ वर एका फोटोला ५० मिलिसेकंद धरले तर दिवसभराचं सगळं काम साठ सेकंदांचं. एका मिनिटाच्या कामासाठी चोवीस तासांचे १,५०० रुपये मोजायचे. एका फोटोला सव्वा रुपया पडला.

मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे ते इथेच, आणि ते मान्य करायला हवं. हेच कार्ड दिवसभर पूर्ण भरून चालवलं, सेकंदाला वीस फोटो येत राहिले, तर एका फोटोचा खर्च एका पैशाच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो. एक उत्तर काढणं खरोखरच नगण्य आहे. पण लहान टीमकडे एवढे फोटो नसतात. तिचं बिल उत्तरांचं होत नाही, वाट बघण्याचं होतं. ट्रेनिंगमध्ये जीपीयू शंभर टक्के राबतो आणि मग परत जातो. फौंड्रीतला एंडपॉइंट बहुतेक वेळ रिकामा असतो आणि जात नाही.

हे मी एकटा म्हणत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एडब्ल्यूएसने इलॅस्टिक इन्फरन्स नावाची सेवा जाहीर केली, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की मशीन लर्निंगच्या खर्चात उत्तरं काढण्याचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जातो, आणि आख्खं जीपीयू घेऊन ते पुरतं वापरलं न जाणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. त्यांना नवी सेवा विकायची होती हे खरं, आणि ती सेवा नंतर बंदही झाली. पण जी कंपनी ट्रेनिंग आणि चालवणं दोन्हींचे पैसे घेते, तिने स्वतः सांगितलेलं हे प्रमाण मला निनावी फॉरवर्डपेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

‘विसरून जा’ हा सल्ला तर मला सर्वांत घातक वाटतो. नवखी मुलं कन्सोलमध्ये मॉडेल डिलीट करतात आणि निर्धास्त होतात. मॉडेल डिलीट केल्याने एंडपॉइंट बंद होत नाही. एंडपॉइंटचं कॉन्फिगरेशन पुसल्यानेही होत नाही. एंडपॉइंटच डिलीट करावा लागतो. नोटबुक इन्स्टन्सचंही तसंच, ब्राउझरची टॅब बंद केली तरी मागचं मशीन चालूच. आणि कन्सोल एका वेळी क्लाउडचा एकच प्रदेश, म्हणजे एकाच ठिकाणची मशीन दाखवतो. धडे बघत उत्तर व्हर्जिनियात लावलेला एंडपॉइंट मुंबईचं पान उघडल्यावर दिसतच नाही, म्हणून दोन्हीकडे बघायचं:

```
aws sagemaker list-endpoints --status-equals InService --region us-east-1
aws sagemaker list-endpoints --status-equals InService --region ap-south-1
aws sagemaker delete-endpoint --endpoint-name casting-v1 --region us-east-1
```

यादीत नाव दिसलं तर एडब्ल्यूएसच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेत त्याचा `Invocations` आलेख उघडा. दिवसभर सपाट रेघ असेल तर तुम्ही रिकाम्या मशीनचं भाडं भरताय. बजेट अलर्ट जरूर लावा, पण साधा अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, मशीन थांबवत नाही. बिलाचे आकडेही काही तासांनी अद्ययावत होतात, त्यामुळे ईमेल येईपर्यंत मधले पैसे गेलेले असतात.

वापराइतकंच बिल देणारे पर्याय नाहीत असं नाही. पण प्रत्येकाला अट आहे आणि मेसेजमध्ये ती नाही. सेजमेकरचं सर्व्हरलेस इन्फरन्स खरोखर वापरलेल्या वेळेचे पैसे घेतं, मात्र त्यात जीपीयू मिळत नाही. असिंक्रोनस एंडपॉइंट काम नसताना शून्य मशीनवर उतरवता येतो, पण पहिला फोटो आला की मशीन उभं राहीपर्यंत काही मिनिटं थांबावं लागतं. तपासणीच्या टेबलावर कास्टिंग हातात धरून एवढा वेळ कोण थांबणार? संध्याकाळी एकत्र अहवाल पुरत असेल तर बॅच ट्रान्सफॉर्म उत्तम, ते ट्रेनिंगसारखंच काम संपवून बंद होतं. आणि जीपीयू हवाच असेल तर पाळी सुरू होण्याआधी एंडपॉइंट उभा करायचा, सुटताना डिलीट करायचा, दोन्ही वेळापत्रकावर टाकून. दिवसाला नऊ तास, महिन्याला सव्वीस दिवस धरले तर ४५,७०० चे साधारण १४,६०० होतात.

शेवटचा मुद्दा, मशीन सांभाळत बसू नये हा, ट्रेनिंगपुरता मी मान्य करतो. तेच कार्ड ईसी२ वर, म्हणजे एडब्ल्यूएसच्याच साध्या भाड्याच्या मशीनवर, `g4dn.xlarge` नावाने, तासाला ०.५२६ डॉलरला मिळतं. मॅनेज्ड सेवा त्यावर चाळीस टक्के जास्त घेते. साठ तासांना तो फरक हजार-अकराशे रुपयांचा आहे, आणि ड्रायव्हर बसवायची कटकट वाचते, मशीन आपोआप बंद होतं. खुशाल द्यावेत. पण महिनाभर चालू एंडपॉइंटवर तोच फरक १३ हजार होतो. तो देण्याआधी आपल्याला या मशीनची गरज आहे का, हे विचारलं पाहिजे.

भाचीच्या टीमला ती गरज नव्हती. आठ तासांत सहाशे कास्टिंग म्हणजे अठ्ठेचाळीस सेकंदांना एक. एवढ्या वेळात दोन फोटो बघायला जीपीयू कशाला? मॉडेल ओएनएनएक्स या कुठल्याही मशीनवर चालवता येणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढलं की साधा डेस्कटॉप सीपीयूवर एका फोटोचं उत्तर सेकंदाच्या आत देतो. म्हणून मशीन फौंड्रीतच, तपासणीच्या टेबलाशेजारी ठेवायचं ठरलं. नेट गेलं तरी काम थांबत नाही. मात्र धुळीपासून जपावं लागेल आणि बॅकअपला दुसरा डेस्कटॉप लागेल, तो खर्चही धरला. कॅमेरे आठ-दहा झाले किंवा कामाला भाषेचं मॉडेल आलं, तर हा हिशेब बदलेल. सात अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलचे नुसते वेट्सच, म्हणजे शिकलेले आकडेच, १६ बिटमध्ये १४ जीबी घेतात, तिथे सीपीयू रांगतो.

कोटेशन आता दोन भागांत आहे. डेस्कटॉप, कॅमेरा आणि बसवणूक एकरकमी. महिन्याच्या देखभालीत फौंड्रीने नवा पॅटर्न आणला की फोटो गोळा करून त्यांवर खुणा करायची मजुरी आणि पुन्हा ट्रेनिंग. त्यात जीपीयूचे तीन तास धरलेत, एका फेरीला १९० रुपयांच्या आत.