प्रश्नपत्रिका तपासायला पाठवावी, पण तपासली जाऊ नये

विभागप्रमुख झालात, अभिनंदन. आता सत्र संपत आलं की बाह्य परीक्षकांना पत्र लिहायचं काम तुमच्याकडे येईल: 'सोबतच्या प्रारूप प्रश्नपत्रिकेचे मॉडरेशन करून द्यावे.' पत्र दहा ओळींचं असतं. पण ते नीट लिहिलं तर समोरचा माणूस सहीपलीकडे काहीही करू शकत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

पहिली गोष्ट वेळेची. पत्र शनिवारी संध्याकाळी पाठवा आणि 'सोमवारी सकाळी अकरापर्यंत' असं लिहा. आठ दिवस दिलेत तर परीक्षक पेपर स्वतः सोडवून बघेल. अशी माणसं असतात. फाइलला पासवर्ड जरूर घाला, गोपनीयतेचा प्रश्न आहे. आणि तो पासवर्ड त्याच मेलच्या तळाशी लिहा, म्हणजे त्यांना फोन करायचा त्रास नको.

अभ्यासक्रमाची प्रत जोडू नका. चार श्रेयांकांचा विषय, साठ तास, साठ गुण. म्हणजे साधारण एका तासाला एक गुण, एवढा हिशेब कोणालाही जमतो. प्रत हातात पडली की परीक्षक विचारणार, 'रासायनिक गतिकी दहा तासांची आहे, मग तिच्यावर बावीस गुणांचे प्रश्न कसे?' आता त्याला कसं सांगायचं, की पेपर काढणारे सर गेली अकरा वर्षं तोच घटक शिकवतात आणि बाकीचे घटक त्यांना फारसे आवडत नाहीत?

आदर्श उत्तरं आणि गुणदान योजना तर चुकूनही पाठवू नका. गेल्या वर्षी मला असाच एक पेपर आला होता (कुठून ते सोडा). प्रश्न तीनमधलं गणित होतं: 'एका फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा वेगस्थिरांक 2.31 × 10⁻² आहे. अर्धायुकाल काढा. (4 गुण)' वाचताना अगदी बरं वाटतं. पेन घेऊन बसलं की 0.693 भागिले 0.0231, उत्तर 30. पण तीस काय? सेकंद की मिनिटं? वेगस्थिरांकाचं एककच छापलेलं नव्हतं. आदर्श उत्तरं सोबत असती आणि त्यांच्यात '30 मिनिटे' दिसलं असतं, तर ही मिनिटं आली कुठून हे तिथल्या तिथे विचारता आलं असतं. ती नव्हतीच. शिवाय प्रश्न एकमध्ये चूक की बरोबर सांगायला एक विधान होतं: 'फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेत अर्धायुकाल = 0.693/k.' म्हणजे चार गुणांच्या गणिताचं सूत्र पहिल्याच पानावर, एका गुणाच्या प्रश्नात. हे प्रश्न सुटे सुटे वाचून सापडत नाही. अख्खा पेपर एका बैठकीत सोडवावा लागतो. म्हणूनच ती शनिवारची संध्याकाळ.

त्याच पेपरात प्रश्न चारच्या समासात 12 गुण होते आणि खाली लिहिलं होतं, 'कोणतेही तीन सोडवा, प्रत्येकी 5 गुण.' तीन पाचे पंधरा. वरती 'एकूण गुण 60' दिमाखात उभे होते आणि प्रत्यक्षात पेपर त्रेसष्टचा भरत होता. मी कळवलं. उत्तर आलं, 'सर, पेपर ऑलरेडी छापायला गेलाय, पण आपल्या सूचनांचा आदर आहे.'

तेव्हा तुमच्या पत्रात हे वाक्य हवंच: 'काही किरकोळ सूचना असल्यास कळवाव्यात, नसल्यास सोबतचा अहवाल स्वाक्षरी करून पाठवावा.' 'किरकोळ' या एका शब्दाने निम्मं काम होतं. एकक राहिलं, बेरीज चुकली, हे सांगताना माणसालाच संकोच वाटतो. अहवाल आधीच भरून ठेवा. काठिण्यपातळी: योग्य. गुणविभागणी: योग्य. भाषा: सुबोध. सुधारणा: निरंक. फक्त सहीची जागा मोकळी ठेवा आणि तिथे पेन्सिलीने फुली करा. मानधनाचं बिल त्याच पाकिटात घाला, अहवालाच्या वरती. एका सहीच्या ओघात दुसरीही होऊन जाते.

परीक्षेच्या दिवशी अर्ध्या तासाने वर्गावरून फोन येईल, 'मॅडम, प्रश्न तीनमध्ये सेकंद धरायचे की मिनिटं?' घाबरू नका. शिपायाला वर्गावर्गात पाठवून 'प्रति मिनिट असे वाचावे' म्हणून सांगायला लावा. एका वर्गापर्यंत तो पोहोचणार नाही, हे गृहीत धरा. पुढे त्या वर्गातल्या मुलांनी अर्ज केला आणि परीक्षा समितीने बोलावलं, तर कपाटातून ती फाइल काढा आणि अहवाल शांतपणे टेबलावर ठेवा. बाह्य परीक्षकाची सही, तारीख सोमवारची, वेळ सकाळी पावणेअकरा. सुधारणा: निरंक.