टियानेप्टिन: लेबलवर ‘सप्लिमेंट’, शरीरात ओपिऑइड

«टियानेप्टिनचा अफूशी काही संबंध नाही. युरोपात डॉक्टर नैराश्यासाठी लिहून देतात ते हे साधं औषध. अमेरिकेत सप्लिमेंट म्हणून दुकानात मिळतं, लघवीच्या तपासणीतही काही येत नाही. बंद केल्यावर दोन-चार दिवस त्रास होतो तो मूळचं नैराश्य वर येतं म्हणून.»

टियानेप्टिनबद्दल असा दावा वरचेवर केला जातो. त्यातलं युरोपाबद्दलचं वाक्य खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. टियानेप्टिन फ्रान्समध्ये तयार झालं आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे नैराश्यावरचं औषध म्हणून बाजारात आलं. नेहमीचा डोस साडेबारा मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे एकूण ३७.५ मिलिग्रॅम. रेणूची बांधणी जुन्या ट्रायसायक्लिक औषधांसारखी, त्यामुळे कित्येक वर्षं ते सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतं असंच मानलं गेलं. तेही इतर औषधांच्या उलट्या दिशेने, म्हणजे सेरोटोनिन पेशीत परत खेचण्याचा वेग वाढवून. त्या गृहीतकावरचा विश्वास नंतर डळमळला, आणि पुढे ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचं स्पष्टीकरण आलं. औषध नक्की कुठे जाऊन बसतं हे मात्र तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

ते २०१४ साली दिसलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी टियानेप्टिन एकामागून एक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर औषध जिथे जाऊन बसतं त्या जागांवर, तपासलं, आणि ते म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर बसून त्याला पूर्ण चालू करतं असं आढळलं. हा तोच रिसेप्टर, ज्यावर मॉर्फिन, हेरॉइन आणि फेंटानिल काम करतात. पुढची पायरी अधिक बोलकी आहे. हा रिसेप्टर जन्मतःच नसलेल्या उंदरांना टियानेप्टिन दिलं, तर नैराश्याच्या चाचण्यांमध्ये दिसणारा त्याचा परिणाम नाहीसा झाला. त्याच उंदरांवर फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधाचा परिणाम मात्र टिकून राहिला. याचा अर्थ असा की नैराश्यावरचा गुण आणि ओपिऑइडपणा हे टियानेप्टिनचे दोन वेगळे गुण नाहीत. दोन्ही एकाच दारातून येतात. «हे अँटिडिप्रेसंट आहे, ओपिऑइड नाही» ही वाटणी जिथे केली जाते, तिथे ती करायला जागाच नाही.

रेणू मॉर्फिनसारखा दिसत नाही, हा युक्तिवादही वरचेवर पुढे येतो. फेंटानिलही मॉर्फिनसारखा दिसत नाही, मेथाडोनही नाही. रिसेप्टरच्या खाचेत नीट बसलं आणि त्याचा आकार हवा तसा वळवला, की काम झालं.

«पण ते फार कमकुवत आहे» हा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून त्याला जागा देते. टियानेप्टिनची म्यू रिसेप्टरवरची पकड मॉर्फिनपेक्षा पुष्कळ सैल आहे, हे खरंच आहे. प्रयोगशाळेत ती नॅनोमोलरच्या शेकड्यांत मोजली जाते, तर मॉर्फिनची एकेरी आकड्यांत; इथे आकडा जितका मोठा, तितकी पकड सैल. पण पकड आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैल पकडीचं औषध रिसेप्टरवर पुरेशा संख्येने बसवायला जास्त मात्रा लागते, इतकंच. बसल्यावर टियानेप्टिन रिसेप्टरला अर्धवट नव्हे, पूर्ण चालू करतं. पकडीची कमतरता मात्रेने भरून निघते, आणि सप्लिमेंटच्या बाटलीत नेमकं तेच घडतं.

एक कल्पित पण नमुनेदार हिशोब मांडू. समजा एखादा माणूस दिवसाला १५०० मिलिग्रॅमवर पोहोचला आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींत याहून कितीतरी मोठे आकडे आहेत, त्यामुळे हा टोकाचा नमुना नाही. १५०० भागिले साडेबारा म्हणजे १२० गोळ्या. डॉक्टरने लिहून दिलेला ४० दिवसांचा साठा एका दिवसात पोटात जातो आहे. हा माणूस पहिल्या दिवशी १५०० वर नव्हता. तो तिथे पोहोचला, कारण रिसेप्टर सतत चालू ठेवला की पेशी त्याला दाद देणं कमी करते, आणि तोच आराम मिळायला मात्रा वाढवावी लागते.

त्यात भर घालतो औषधाचा वेग. टियानेप्टिनचं रक्तातलं प्रमाण साधारण तीन तासांत निम्मं होतं. रात्री ११ वाजता शेवटचा डोस घेतला, तर पहाटे २ वाजता निम्मं, ५ वाजता पाव आणि सकाळी ८ वाजता आठवा हिस्सा उरतो. शरीरात त्याच्यापासून एक पदार्थ बनतो, तोही म्यू रिसेप्टरवर चालतो आणि थोडा जास्त टिकतो, म्हणून उतार अगदी सरळ कडा नसतो. तरी सकाळ होईपर्यंत रिसेप्टर मोकळे व्हायला लागतात आणि माणूस घामाने जागा होतो. बाटली उघडली की अर्ध्या तासात बरं वाटतं. ‘हे घेतलं की मला बरं वाटतं’ हा अनुभव खोटा नसतो. पण त्या डोसने नैराश्य बरं केलेलं नसतं, आधीच्या डोसच्या उताराला थांबवलेलं असतं.

आता बंद केल्यावरच्या त्रासाकडे येऊ, कारण दिशाभूल सगळ्यात जास्त इथेच होते. म्यू रिसेप्टर चालू असताना पेशीच्या आतला सायक्लिक एएमपी नावाचा संदेशवाहक दाबला जातो. आठवडेच्या आठवडे दाबून ठेवलं, तर पेशी तो तयार करणारी यंत्रणा वाढवून हिशोब जुळवते. मग औषध अचानक गेलं की दाब उठतो आणि वाढवलेली यंत्रणा मोकाट सुटते. मेंदूच्या तळाशी लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे, नॉरअॅड्रेनलिनचा मुख्य उगम. तिथे हे घडलं की नाडी धावते, रक्तदाब चढतो, घाम फुटतो, हात थरथरतात, अंगावर काटा येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. आतड्यावरही म्यू रिसेप्टर भरपूर असतात. औषध चालू असताना तिथे बद्धकोष्ठ असतो. ते गेलं की पोटात कळा येतात, उलट्या आणि जुलाब होतात.

नैराश्य परत येतं तेव्हा असं होत नाही. ते काही आठवड्यांत हळूहळू दाटतं. त्यात नाक गळत नाही, जांभयांवर जांभया येत नाहीत, अंगावर काटा उभा राहत नाही. सेरोटोनिनवाली औषधं एकदम थांबवल्यावर होणारा त्रासही निराळा असतो: चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, चमत्कारिक स्वप्नं. टियानेप्टिन सोडणाऱ्या माणसात जे दिसतं ते ओपिऑइड सोडणाऱ्या माणसाचं चित्र आहे, आणि ते दिवसांत नव्हे, तासांत सुरू होतं. घड्याळ हीच यातली सगळ्यात सोपी खूण. चिंता आणि खिन्नता यातही असतेच, आणि ती खरी असते. पण तिच्यासोबत जुलाब आणि मोठ्या बाहुल्या असतील, तर तिचं कारण मनात शोधून उपयोग नाही.

उपचारांचा अनुभवही तेच सांगतो. ब्युप्रेनॉर्फिन हे औषध म्यू रिसेप्टरला अर्धवट चालू करतं आणि घट्ट धरून ठेवतं. टियानेप्टिन सोडताना होणारा त्रास त्याने आटोक्यात आल्याची वैद्यकीय वर्णनं आहेत. नुसतं नैराश्य असतं, तर हा त्रास काही तासांत उतरला नसता. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, आणि त्रासाची लक्षणं स्पष्ट दिसू लागल्यावरच सुरू करायचं असतं. रिसेप्टरवर टियानेप्टिन अजून बसलेलं असताना दिलं, तर ते त्याला ढकलून देतं आणि त्रास एका झटक्यात वाढतो. डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्यावी. कोणतं उत्पादन, दिवसाला किती बाटल्या किंवा कॅप्सूल, शेवटचा डोस किती वाजता, सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या होत्या का, एवढं सांगितलं तरी उपचाराची दिशा ठरते. फक्त ‘एक सप्लिमेंट घेत होतो’ म्हटलं, तर डॉक्टर पोटाचा संसर्ग किंवा पॅनिक अटॅक समजून परत पाठवू शकतात.

त्यांची तपासणी मदत करेल असं समजू नये. लघवीची नेहमीची ओपिएट चाचणी अशा अँटिबॉडीवर चालते, जी मॉर्फिनच्या आकाराचे रेणू ओळखते. फेंटानिल त्यातून सुटतं, टियानेप्टिनही सुटतं. ते शोधायला रेणू वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, आणि तीही टियानेप्टिनसाठी मुद्दाम मागवलेली. चाचणी कोरी आली म्हणजे रिसेप्टर कोरा असं होत नाही.

राहिली अमेरिकेतल्या लेबलची गोष्ट. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंटला विक्रीआधी एफडीए या औषध नियामक संस्थेची मंजुरी लागत नाही. पण त्यात घालायचा घटक जीवनसत्त्व, खनिज, वनस्पती, अमिनो आम्ल अशा ठरावीक वर्गांतला असावा लागतो. टियानेप्टिन प्रयोगशाळेत बनवलेला रेणू आहे. तो यापैकी कशातच बसत नाही, आणि एफडीएनेही तो सप्लिमेंटचा घटक ठरत नाही हे स्पष्ट केलं आहे. तिथे कोणत्याही आजारावर त्याला मंजुरी नाही. मिशिगनने २०१८ साली त्याला नियंत्रित पदार्थांच्या यादीत टाकलं, पुढे अलाबामासह इतर राज्यांनीही. ते दुकानात दिसतं, कारण आधी विकायचं आणि मग कुणीतरी थांबवायचं अशी ती व्यवस्था आहे. फ्रान्समध्ये, जिथे ते खरोखर औषध आहे, तिथेही गैरवापरामुळे २०१२ साली चिठ्ठीचे नियम कडक करून एका वेळी २८ दिवसांची मर्यादा घालण्यात आली.

बाटलीतल्या बाटलीतही फरक असतो. २०२३ साली न्यू जर्सीत ‘नेपच्यून्स फिक्स’ नावाचं टियानेप्टिनचं उत्पादन घेतलेल्या लोकांना झटके आले, बेशुद्धी आली. त्यानंतर तपासलेल्या काही बाटल्यांत टियानेप्टिनसोबत कृत्रिम कॅनाबिनॉइड सापडले. जानेवारी २०२४ मध्ये ती उत्पादनं परत मागवण्यात आली. म्हणजे लेबलवर मिलिग्रॅम छापलेले असले, तरी वरचा १५०० चा हिशोब घेणाऱ्याला स्वतःला मांडता येईलच असं नाही.

कुणी घेऊन उठत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ९११ ला, म्हणजे अमेरिकेतल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन करावा आणि नालोक्सोनचा नाकातला फवारा द्यावा. अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय मिळतो. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल, तर दुसरा द्यावा. नालोक्सोन टियानेप्टिनला रिसेप्टरवरून हटवतं, म्हणूनच श्वास परत येतो. त्याचा असर मात्र अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि मोठ्या मात्रेतलं टियानेप्टिन तोवर संपलेलं नसतं. शिवाय बाटलीत दुसरं काही असेल, तर त्यावर नालोक्सोन चालणार नाही. त्यामुळे शुद्धीवर आलेला माणूस ‘आता मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला एकटं न सोडता रुग्णालयात न्यावं.